रविवारची चीट मील आणि आठवड्याचा हिशेब

(वरणगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

वरणगावला आहारावर बोलायला यायचं म्हणजे जरा धाडसच आहे. बाहेर हायवेवर पाच मिनिटं चाललं तरी शेवभाजीच्या फोडणीचा वास येतो. हिवाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या शेतात भरीत असतं, आणि लग्नसराईत वरण-बट्टीची पंगत चुकवली तर नातेवाईक वर्षभर बोलून दाखवतात. त्यामुळे 'हे सोडा, ते सोडा' असं आज आम्ही म्हणणार नाही. आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, ती म्हणजे चीट मील.

ही कल्पना तुम्हाला माहीत असेल. सोमवार ते शनिवार कडक डाएट करायचं आणि रविवारी सुट्टी. त्या दिवशी मनाला येईल ते आणि हवं तेवढं खायचं. जिममध्ये हे सांगतात, मोबाईलवरच्या रीलमध्ये दिसतं, आणि ऐकायला फार सोयीचंही वाटतं. आमच्याकडे वजन कमी करायला येणाऱ्यांपैकी बरेच जण हे आधी करून आलेले असतात. त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: "सहा दिवस काहीच खात नाही हो, तरी वजन हलत नाही." ते खोटं बोलत नाहीत. पण हिशेब कुठेतरी गळतो आहे. तो कुठे गळतो ते आज आपण आकडे मांडून बघू.

आधी कागदावरचा हिशेब

उदाहरणासाठी एक गृहस्थ घेऊ. हे आपण कल्पनेतले घेतले आहेत, पण असे तुम्हाला घरोघरी भेटतील. वय ४०, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२ किलो. फॅक्टरीत ड्यूटी, त्यात काही वेळ उभं राहून काम, बाकी बसून. जाणं-येणं गाडीवर. अशा माणसाला आहे तेवढंच वजन टिकवायला दिवसाला साधारण २३५० कॅलरी लागतात. सूत्रावरून काढलेला हा अंदाज आहे, प्रत्यक्षात शंभर-दोनशे इकडेतिकडे असू शकतं. सात दिवसांच्या झाल्या १६,४५०. हा आकडा लक्षात ठेवा.

आता हे गृहस्थ चीट मीलच्या पद्धतीने चालले आहेत. सहा दिवस ते १६०० कॅलरीवर राहतात. म्हणजे नाश्त्याला थोडंसं काही, डब्यात दोन पोळ्या, रात्री सूप किंवा काकडी-टोमॅटो. भूक लागते, पण रविवार येणार आहे या आशेवर ते दिवस काढतात.

रविवार उजाडतो. सकाळी दोन कचोऱ्या आणि शंभर ग्रॅम जिलेबी, झाल्या ९००. दुपारी मित्रांबरोबर ढाब्यावर शेवभाजी. या ताटाचा हिशेब जरा सविस्तर करू, कारण खरी गंमत तिथे आहे. एका प्लेटमध्ये साठेक ग्रॅम शेव असते, तिच्या ३३० कॅलरी. वरची लाल तर्री म्हणजे तेल. ते चाळीस ग्रॅम धरलं तर ३६०. म्हणजे ज्या तर्रीला आपण रस्सा समजतो तिच्यात शेवेपेक्षा जास्त कॅलरी आहेत. सुक्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या वाटणाच्या दीडशे. सोबत तीन मोठ्या भाकरी, थोडा भात, तळलेला पापड, एक ग्लास गोड लस्सी. हे सगळं मिळून ताट १८५० वर जातं. संध्याकाळी चहाबरोबर केळीच्या वेफर्सचं शंभर ग्रॅमचं पाकीट, ६००. रात्री जेवण आणि वर आइस्क्रीम, ९५०. रविवारची बेरीज ४३००.

आता आठवड्याची बेरीज करा. सहा दिवसांच्या ९६०० आणि रविवारच्या ४३०० मिळून १३,९००. लागत होत्या १६,४५०. म्हणजे अडीच हजारांची तूट पडली. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला तीनशे ग्रॅमच्या वर वजन कमी व्हायला हवं.

बघा, कागदावर चीट मील चालते! हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'एका रविवारने सहा दिवसांची मेहनत पूर्ण वाया जाते' असं कोणी म्हणालं तर ते या गणितात बसत नाही. मग माणसाचं वजन का हलत नाही? कारण प्रत्यक्षातला आठवडा असा नसतोच.

खरा आठवडा कसा जातो

याच गृहस्थांना आम्ही वही दिली आणि म्हटलं, सात दिवस काहीही बदलू नका, फक्त तोंडात जाईल ते लिहा, तर साधारण हे चित्र दिसेल. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार चारही दिवस पक्के १६००. शनिवारी संध्याकाळी मन सैल होतं. "उद्या तर चीटच आहे, मग आजच्या समोशाने काय होतंय?" शनिवार २९०० वर जातो. रविवार ४३००. सोमवारी घरात जिलेबी उरलेली असते, वेफर्सचं पाकीट उघडं असतं. अन्न वाया घालवणं आपल्याला पटत नाही. सोमवार २४००.

बेरीज करा: ६४००, २९००, ४३०० आणि २४०० मिळून १६,०००. तूट उरली साडेचारशेची. चरबीच्या हिशेबात साठ ग्रॅमसुद्धा नाही. वजनकाट्यावर ती दिसणारच नाही. चार दिवस उपाशी राहिल्यासारखं काढलं आणि हाती काही आलं नाही. माणूस म्हणतो, "आपलं शरीरच तसं आहे." शरीराचा दोष नाही. 'एका जेवणाची' सुट्टी अडीच दिवसांची झाली, हे त्याच्या लक्षातच आलं नाही, कारण त्याच्या हिशेबात अजून ती एकच जेवण आहे.

ही सुट्टी पसरते का, याचं उत्तर मानसशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वी शोधायला सुरुवात केली. १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना त्यांनी सांगितलं की चवीची चाचणी आहे. काहींना आधी एक मिल्कशेक दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि म्हटलं, चव सांगा, हवं तेवढं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधनं घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलेलं होतं. पण ज्या एरवी डाएट करायच्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम *जास्त* खाल्लं. का? मिल्कशेक पिताक्षणी त्यांच्या मनात आजचं डाएट मोडलं होतं. आता मोडलंच आहे तर पुरतं मोडू, असा तो विचार.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, जेनेट पोलिव्ही यांनी यातला आणखी एक धागा तपासला. त्यांनी पुडिंग दिलं आणि काही जणांना सांगितलं की हे भरपूर कॅलरीचं आहे, काहींना सांगितलं की हे हलकं आहे. डाएट करणाऱ्यांपैकी ज्यांना 'भारी खाल्लं' असं वाटलं, त्यांनी नंतर जास्त खाल्लं. म्हणजे पोटात खरोखर किती गेलं यापेक्षा 'आपण नियम मोडला' ही समजूत जास्त काम करत होती.

आता 'चीट' या शब्दाकडे बघा. चीट म्हणजे फसवणूक. नाव ठेवतानाच आपण त्या जेवणाला गुन्हा ठरवलं. उपास मोडल्यावर आपण काय म्हणतो? "मोडलाच आहे, तर आता जेवूनच घेऊ." शनिवारचा समोसा तेच काम करतो. त्याच्या स्वतःच्या कॅलरी अडीचशे. पण तो 'मोडल्याची' खूण ठरला की त्याच्या मागून दीड हजार येतात.

सोमवारचा काटा

दुसरी गळती सोमवारी सकाळी होते आणि ती काट्यावर उभं राहिल्यामुळे होते. रविवारनंतर वजन दीड-दोन किलोने वाढलेलं दिसतं आणि माणसाचं अवसान जातं. इथे थोडं शरीरशास्त्र सांगायला हवं.

आपण पोळी, भात, साखर खातो त्यातला काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साठतो. एक ग्रॅम ग्लायकोजेन सोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. सहा दिवस कमी खाल्ल्याने हा साठा कमी झालेला असतो, रविवारी तो भरतो. त्यात शेव, पापड, वेफर्स यांचं मीठ, तेही पाणी धरतं. शिवाय कालचं अन्न अजून आतड्यात आहे. हे सगळं काट्यावर दिसतं. चरबी किती वाढली? आपल्या गृहस्थांनी रविवारी गरजेपेक्षा १९५० कॅलरी जास्त खाल्ल्या. त्या सगळ्याच्या सगळ्या चरबीत गेल्या असं धरलं तरी अडीचशे ग्रॅम. काटा दाखवतो आहे दोन किलो. उरलेलं पाणी आणि अन्न दोन-चार दिवसांत आपोआप उतरतं.

पण हे माहीत नसलेला माणूस घाबरतो आणि मंगळवारपासून स्वतःला शिक्षा करतो. एक वेळ जेवण बंद, संध्याकाळी फक्त ताक. जितकी शिक्षा कडक, तितका पुढचा रविवार मोठा. हे चक्र दोन-तीन महिने चालतं आणि मग माणूस सगळंच सोडून देतो.

कोणी विचारतं, "पण चीट मीलने मेटाबॉलिझम वाढतं म्हणे?" जास्त खाल्लं की ते पचवायला थोडी जास्त ऊर्जा लागते, हे खरं. मिश्र जेवणात साधारण दहा टक्के. म्हणजे हजार कॅलरी जास्त खाल्ल्या तर शंभरेक पचनात जातात, नऊशे उरतातच. शंभर वाचवायला हजार खर्च करण्यासारखं झालं ते.

मग शेवभाजी खायची कशी?

जर्मनीतले वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये खाण्यावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक ताठर: हे चालतं, हे अजिबात नाही. दुसरं लवचीक: सगळं चालतं, पण जास्त झालं तर पुढे थोडं जुळवून घ्यायचं. ताठर नियंत्रण असलेल्यांचा तोल सुटण्याचं प्रमाण जास्त दिसलं, लवचीक असलेल्यांचं कमी. यातून एक दुसऱ्याचं कारण आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. पण आमच्या रोजच्या कामात जे दिसतं त्याच्याशी ते जुळतं.

म्हणून आम्ही दिवसाचा हिशेब सोडून आठवड्याचा धरतो. पगार महिन्याचा असतो, रोजचा खर्च सारखा नसतो. बाजाराच्या दिवशी जास्त जातात, एरवी कमी. महिनाअखेर जुळलं म्हणजे झालं. तसंच हे आहे.

आपल्या गृहस्थांचंच गणित पुन्हा मांडू. लागतात २३५०. रोजची ४०० ची तूट धरू, त्याहून घाई नको. दिवसाला १९५०, आठवड्याला १३,६५०. यातून आधी, म्हणजे आठवडा सुरू व्हायच्या आत, १८०० बाजूला काढायच्या. ही आवडीच्या खाण्याची रक्कम. उरलेल्या सातने भागल्या की दिवसाला साधारण १६९० येतात. हा रोजचा पाया.

या १६९० मध्ये काय बसतं? सकाळी चहा आणि मोजक्या तेलातले पोहे. डब्यात तेल न लावलेल्या तीन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, कोशिंबीर. संध्याकाळी चहा आणि एक केळं. हो, केळं! जळगाव जिल्ह्यात बसून केळं बंद करा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, एका केळ्याच्या शंभर कॅलरी आहेत. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, भाजी-डाळ, वाटीभर दही. यात कुठेही उपासमार नाही. मघाच्या १६०० पेक्षा फक्त नव्वद जास्त आहेत, पण जेवणं पूर्ण आहेत आणि प्रत्येक वेळी डाळ, उसळ किंवा दही आहे. त्यामुळे भूक तासाभरात परत येत नाही.

आता त्या १८०० चं काय करायचं? रविवारी सकाळी घरच्यांबरोबर एक कचोरी आणि दोन छोट्या जिलेब्या. मिळून ४५०, पण त्या दिवशी पोहे नाहीत, त्यांच्या २८० वजा करा. वरचा खर्च १७०. दुपारी ढाबा. शेवभाजी पूर्ण प्लेट, पण वाढून घेताना वरची निम्मी तर्री वाटीत तशीच सोडली. दोन भाकरी, कांदा, भाजलेला पापड, गोड लस्सीऐवजी खारा मठ्ठा. हे ताट १०५० च्या आसपास येतं. एरवीचं दुपारचं जेवण ६०० चं असतं, म्हणजे वरचा खर्च ४५०. रात्री जेवण नेहमीचं आणि वर एक आइस्क्रीम, २००. रविवारचा एकूण जास्तीचा खर्च ८२०.

बुधवारी ड्यूटीवरून येताना एक समोसा, २५०. शुक्रवारी वेफर्स, पाकिटातून नाही, वाटीत काढून मूठभर, १६०. हे झाले १२३०. उरले ५७०, ते राखून ठेवायचे. कोणाच्या मुलाला नोकरी लागते आणि पेढे येतात, घरी सत्यनारायणाचा प्रसाद असतो, कामावर कोणी वाढदिवसाचा केक आणतो. "काय भो, एक तुकडा घ्या ना!" याला नाही म्हणता येत नाही आणि म्हणायचीही गरज नाही. तो खर्च आधीच धरलेला आहे.

एक गोष्ट बघा. या बेतात रविवार २५०० चा झाला. म्हणजे त्या दिवशी ते गरजेपेक्षाही जास्त जेवले. तरी आठवडा १३,६५० मध्येच बसला आणि २८०० ची तूट पडली. कचोरी, जिलेबी, शेवभाजी, आइस्क्रीम हे चारही पदार्थ मघाच्या चीटच्या रविवारीही होते. फरक प्रमाणाचा आहे आणि त्याहून मोठा फरक हा की, यातलं काहीच 'मोडलेलं' नाही. त्यामुळे सोमवारी भरपाई करायची नाही आणि शनिवारी सुट्टी सुरू व्हायची नाही.

तेलाचा डबा

या सगळ्या हिशेबात सर्वात जास्त चूक तेलात होते. भरिताचं घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, बामणोदच्या वांग्यांचं नाव तर तुम्हाला ठाऊकच आहे. तीनशे ग्रॅम वांग्याच्या कॅलरी फक्त ७५. पण त्यावर तीन मोठे चमचे तेल आलं की चारशे वाढतात. आणि सोबत कळण्याची भाकरी आहे की कळण्याच्या पुऱ्या, यावर पुन्हा तीनशेचा फरक पडतो. त्यामुळे 'भरीत हलकं असतं' हेही खरं आणि 'भरिताने वजन वाढतं' हेही खरं.

घरातलं तेल मोजायची सोपी रीत सांगतो. पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर तारीख लिहा. तो चार माणसांच्या घरात एका महिन्यात संपला तर पाच लिटर म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम, भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. माणशी ३८ ग्रॅम, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. कोणी वहीत 'भाजी एक वाटी, १३०' असं लिहीत असेल आणि घरचा डबा महिन्यात संपत असेल, तर वही चुकते आहे. तोच डबा दीड महिना पुरवला की माणशी २५ ग्रॅमवर येतं. त्यासाठी फोडणी बाटलीतून न ओतता चमच्याने घालायची, एवढं पुष्कळ होतं.

बेत चुकतोय हे कसं ओळखायचं

वजन आठवड्यातून चार दिवस सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी करा. चारही आकड्यांची सरासरी काढा आणि फक्त सरासरीची तुलना करा. सोमवारचा एकटा आकडा कधीच बघू नका, त्याचं कारण मघाशी सांगितलं. चार आठवड्यांत सरासरी किलोभर उतरली तर बेत बरोबर आहे. अजिबात हलली नाही, तर दोन शक्यता. एक तर मोजमाप चुकतं आहे, आधी तेल आणि येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे-शेव तपासा. ते बरोबर असेल तर तुमची गरज सूत्रापेक्षा कमी आहे. मग रोजचा पाया शंभर-दीडशेने कमी करा, आवडीची रक्कम मात्र शून्यावर आणू नका.

दुसरी चूक म्हणजे साठवण. "रविवारी लग्न आहे, म्हणून शुक्रवार-शनिवार उपाशी राहतो." ही चीट मीलच झाली, फक्त उलट्या क्रमाने. उपाशी माणूस पंगतीत मोजून जेवत नाही. पुढच्या कार्यक्रमासाठी वाचवायचंच असेल तर दिवसाला दीडशे-दोनशेपेक्षा जास्त वाचवू नका, आणि लग्नाच्या दिवशी सकाळचा नाश्ता करूनच निघा.

तिसरी, राखीव रक्कम न लिहिणं. पेढा लहान असतो, म्हणून तो लिहिला जात नाही. आठवड्यात असे सहा पेढे झाले की राखीव संपलेली असते.

आता आखाजी. अक्षय तृतीयेला लेकी माहेरी येतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. एक मांडा तुपासकट पाचशे-सहाशेचा. दोन मांडे, दोन वाट्या रस, वर कुरडई-भजी, की ताट दोन हजारांवर गेलं. आणि पाहुणे आहेत तोवर हे एका दिवसात थांबत नाही. अशा आठवड्याला आम्ही १३,६५० चं लक्ष्य ठेवतच नाही. त्या आठवड्यापुरतं १६,४५० धरायचं, म्हणजे वजन आहे तिथे ठेवायचं. किंमत एवढीच की आपलं ध्येय एका आठवड्याने पुढे गेलं. ही किंमत उघड्या डोळ्यांनी मोजलेली बरी. जमणार नाही असं लक्ष्य ठेवून पहिल्याच मांड्याला 'मोडलं' म्हणण्यापेक्षा तर नक्कीच.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*एका ताईंनी विचारलं: "मला शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे. मी असा हिशेब करू का?"*

ताई, तुम्ही आठवड्याचा हिशेब करू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर एका वेळचं जेवण कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते. तुमच्यासाठी प्रत्येक जेवण साधारण सारखं राहणं महत्त्वाचं आहे. गोड किंवा तळलेलं कधी आणि किती, हे डोस बघून तुमच्या डॉक्टरांबरोबरच ठरवायचं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, वाढीच्या वयातल्या मुलांनीही हा हिशेब करायचा नाही.

*एका तरुणाने विचारलं: "मॅडम, मला एक वेफर खाल्ला की थांबताच येत नाही. मग हे राखीव वगैरे कसं जमणार?"*

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाकीट समोर असलं की हात जातो, हे सगळ्यांचं होतं. त्याला उपाय म्हणजे वाटीत काढा, पाकीट बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. किंवा सुरुवातीचे दोन महिने तो पदार्थ घरी आणूच नका, बाहेर एका वेळेपुरता घ्या. पण कोणाला असं होत असेल की थोड्या वेळात खूप जास्त खाल्लं जातं, थांबवायचं ठरवूनही थांबत नाही, लपून खावं लागतं, नंतर स्वतःची किळस येते, आणि आठवड्यातून एकदा तरी असं तीन महिने चाललं आहे, तर तो इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. तो खाण्याचा विकार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. अशा वेळी कॅलरी मोजणं बंद करायचं, कारण मोजण्याने तो वाढू शकतो. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं.

शेवटी एक छोटं काम देतो. आज घरी गेल्यावर येत्या आठवड्याचं पान उघडा आणि आधी आवडीचं लिहा: कोणत्या वारी, काय, किती. मग रोजचं जेवण त्याभोवती बसवा. बहुतेक जण हे उलटं करतात, आधी बंधनं लिहितात, म्हणून आवडीचं खाणं चोरून करावं लागतं.

बाहेर चहा ठेवला आहे, सोबत पाटोड्याही आहेत असं कळलं. राखीवमधून घ्या, आणि लिहून ठेवा.